धागा : सलग तीन बॅचमध्ये तोच दोष, पुरवठादाराकडून मूळ कारणासह सुधारणा अहवाल कसा मागवावा?

खामनदीकाठी (धागाकर्ती)

नमस्कार. मी वाळूजच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. दुचाकीच्या फूटरेस्टच्या पिनेवर बसणारी एक छोटी स्प्रिंग क्लिप आम्ही बाहेरून घेतो. क्लिप स्प्रिंग स्टीलच्या पट्टीची असून कडकपणा साधारण ४५ रॉकवेल सी आहे आणि वर ८ मायक्रॉन जस्ताचे प्लेटिंग असते. पुरवठादार पट्टी कापून, वाकवून, उष्णतोपचार करून देतो आणि प्लेटिंग तिसऱ्याकडून जॉबवर्कवर करून घेतो.

एक बॅच ६,००० नगांची असते. मागच्या वर्षभरात या क्लिपबद्दल एकही तक्रार नव्हती. जूनपासून मात्र सलग तीन बॅचमध्ये क्लिप तुटू लागल्या: पहिल्या बॅचमध्ये ११, दुसऱ्यात ९ आणि तिसऱ्यात २३. क्लिप बसवताना तुटत नाही, ही यातली विचित्र गोष्ट आहे. संध्याकाळच्या पाळीत बसवलेल्या पिना ट्रेमध्ये ठेवून आम्ही घरी जातो आणि सकाळी त्याच ट्रेच्या तळाशी क्लिपचा अर्धा तुकडा पडलेला सापडतो. एकदा रात्रपाळीच्या मुलाने सांगितले की कोणी हात लावलेला नसताना ट्रेमधून 'टिक' असा आवाज आला.

पहिल्या दोन्ही वेळी मी अहवाल मागवला. पहिल्या अहवालात मूळ कारण म्हणून 'कामगाराचे दुर्लक्ष' आणि उपाय म्हणून 'कामगारास प्रशिक्षण दिले, १०० टक्के तपासणी सुरू केली' असे लिहिले होते, सोबत तीन सह्यांचा हजेरीकागद होता. दुसऱ्या अहवालात तोच कागद, त्याच तीन सह्या, फक्त तारखेवर पेनाने नवी तारीख लिहिलेली. आता तिसऱ्यांदा मागणार आहे. कोणत्या शब्दांत मागावे म्हणजे खरे कारण मिळेल, एवढेच मला विचारायचे आहे.

खरेदी_शेंद्रा

अहवाल मागत बसण्यात अर्थ नाही. तिन्ही बॅचचा माल परत पाठवा, डेबिट नोट काढा आणि पुढचे देयक रोखून धरा. पैसा थांबला की कारण आपोआप सापडते, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे. शिवाय पुढच्या बॅचपासून त्यांच्या खर्चाने आपल्या दारात १०० टक्के तपासणी लावा. दुसरा पुरवठादारही तयार ठेवा.

लातूरकर_डाळवाला

आमच्याकडे डाळीच्या ५० किलोच्या पोत्यांची शिलाई उसवण्याचा असाच प्रकार झाला होता. तीन गाड्या गेल्या आणि तिन्ही वेळा पोती फाटली. पोत्यावाल्याने दोरा खराब असल्याचे सांगितले, दोरेवाल्याने मशीनवर ढकलले. शेवटी आम्ही पोतीच बदलली. त्यामुळे ताईंना माझा सल्ला असा की जाड पट्टीची क्लिप घ्यावी, म्हणजे तुटण्याचा प्रश्नच राहणार नाही.

जुना_भट्टीवाला

मी चिकलठाण्यात उष्णतोपचाराच्या भट्ट्यांवर तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डाळवाले भाऊ, पट्टी जाड केली तर पिनेवर बसताना ती तेवढाच ताण खाणार नाही, अधिक खाईल. इथे ताकद कमी पडलेली दिसत नाही. शेंद्र्याच्या मित्रांनी देयक रोखण्याबद्दल जे लिहिले त्याशी माझे भांडण नाही, मात्र १०० टक्के तपासणीने हा दोष पकडला जाणार नाही. तपासणीच्या टेबलावर ही क्लिप पूर्णपणे निर्दोष दिसते, मापात असते, जस्ताची जाडीही बरोबर भरते. ती ताणाखाली काही तास राहिल्यावरच तुटते.

कडक पोलाद, प्लेटिंग, आणि बसवल्यानंतर काही तासांनी आपोआप तुटणे, हे तिन्ही एकत्र दिसले की पहिला संशय हायड्रोजनवर घ्यावा. प्लेटिंगआधी गंज काढण्यासाठी आम्लात बुडवताना आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत पोलादाच्या अंगात हायड्रोजन शिरतो. कडक पोलादात तो ताण असलेल्या जागी गोळा होतो आणि तिथून तडा चालू होतो. यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर लगेच, पासिव्हेशनच्या आधी, नग सुमारे २०० अंशांवर कित्येक तास भाजणे. या कडकपणाला मी ८ तासांपेक्षा कमी धरणार नाही. यात 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे: शक्यतो तासाभरात, फार झाले तर ४ तासांच्या आत. उशीर झाला आणि आत बारीक तडे पडले, तर नंतर कितीही भाजले तरी ते सांधत नाहीत.

हा अजून संशयच आहे, हे लक्षात ठेवा. म्हणून एक साधे काम आधी करा. तुटलेल्या क्लिपच्या तोंडाकडे दहा पट भिंगातून पाहा. तुटण्याच्या जागी काही वाक नसेल आणि तोंड साखरेच्या खड्यांसारखे कणीदार, चमकते दिसत असेल, तर संशय बळावतो. मग दोन तुकडे प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हाला 'कामगाराचे दुर्लक्ष' असे उत्तर मिळाले, कारण तुमच्या पत्रात 'क्लिप तुटल्या, अहवाल द्या' एवढेच असणार. पत्रात दोष कसा, कुठे, केव्हा आणि किती दिसला ते लिहा, आणि कुठे दिसला नाही तेही लिहा. वर्षभर माल चांगला होता, ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी माहिती आहे. मेच्या शेवटी काय बदलले, हा प्रश्न त्यांना टाळता येणार नाही अशा रीतीने विचारा. दोन कारणे वेगवेगळी मागा: दोष का निर्माण झाला, आणि तो त्यांच्या दारातून बाहेर पडेपर्यंत कोणालाच का दिसला नाही. आणि मुदत देताना घाई करू नका. माल अडवण्यासाठी २४ तास पुरेसे आहेत, परंतु मूळ कारण तीन दिवसांत मागितले तर तुम्हाला पुन्हा कामगारच मिळेल.

शिकाऊ_अभियंता

काका, एक शंका आहे. 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत आम्हाला शिकवली आहे. ती इथे पुरेशी नाही का? आणि कारण खरे आहे हे ओळखायचे कसे? कागदावर तर कोणतेही कारण पटण्यासारखे लिहिता येते.

जुना_भट्टीवाला

पाच वेळा 'का' विचारून माणूस स्वतःला हवे त्या उत्तरापर्यंत पोहोचू शकतो, आणि आपल्याकडे बहुतेकदा तो प्रशिक्षणापर्यंतच पोहोचतो. माझी कसोटी अशी आहे की सांगितलेले कारण मुद्दाम घडवून आणले तर दोष यावा, आणि ते काढून टाकले तर दोष जावा. हे बटण त्याच दिव्याचे आहे असे म्हणायचे असेल तर ते दाबून दिवा लावून-विझवून दाखवता आला पाहिजे.

खामनदीकाठी

आभार, काका. भिंगातून सहा तुकडे पाहिले. सगळे वाकाच्या आतल्या बाजूला तुटलेले आहेत आणि तोंड तुम्ही म्हणता तसेच कणीदार आहे. दोन तुकडे प्रयोगशाळेत दिले. पुरवठादाराला पाठवलेले पत्र इथे देते. चुकले असल्यास सांगावे.

"आपण पुरवलेल्या स्प्रिंग क्लिपच्या जून, जुलै व ऑगस्ट महिन्यांतील सलग तीन बॅचमध्ये, प्रत्येकी ६,००० नगांपैकी अनुक्रमे ११, ९ व २३ नग पिनेवर बसवल्यानंतर, बाह्य धक्का नसताना, साधारण ४ ते ३० तासांच्या दरम्यान तुटले आहेत. सर्व नग आतल्या वाकाजवळ तुटले असून तुटलेल्या जागी आकार बदललेला नाही. त्याआधीच्या वर्षभरातील कोणत्याही बॅचमध्ये हा दोष आढळलेला नाही. आपल्या १२ जुलै व ९ ऑगस्ट रोजीच्या अहवालांतील उपाय केल्यानंतरही दोष पुन्हा आल्यामुळे, त्या अहवालांतील कारण आम्ही अमान्य करत आहोत.

कृपया २४ तासांत आपल्याकडील, प्लेटिंगवाल्याकडील व वाहतुकीतील सर्व नग बाजूला काढून त्यांची संख्या कळवावी. त्यानंतर १४ दिवसांत पुढील बाबी स्पष्ट करणारा अहवाल द्यावा. मे महिन्यापासून पट्टी, उष्णतोपचार, प्लेटिंग, वेळापत्रक किंवा माणसे यांत काय बदलले? दोष कोणत्या टप्प्यावर निर्माण होतो? तो तपासणीत का सापडला नाही? कारण सिद्ध करण्यासाठी दोष मुद्दाम घडवून पाहिल्याचा व टाळून पाहिल्याचा निष्कर्ष काय आहे? सोबत तिन्ही बॅचच्या प्रत्येक बॅरलची प्लेटिंगच्या टाकीतून बाहेर काढल्याची वेळ, भट्टीत घातल्याची वेळ आणि भट्टीचा तापमान-आलेख जोडावा. प्रशिक्षण व १०० टक्के दृश्य तपासणी हे उपाय म्हणून स्वीकारले जाणार नाहीत."

शेवटच्या वाक्यावर आमचे खरेदीप्रमुख थोडे नाराज झाले. त्यांच्या मते ते कठोर आहे. मी ते ठेवले.

खरेदी_शेंद्रा

पत्र चांगले आहे, हे मान्य. पण एवढे तांत्रिक प्रश्न विचारले की छोटा पुरवठादार घाबरतो आणि सल्लागाराकडून अहवाल लिहून घेतो. तुम्ही स्वतः त्यांच्या दारात जावे, असे मला वाटते.

जुना_भट्टीवाला

हे अगदी बरोबर आहे. पुरवठादाराकडेच नव्हे, प्लेटिंगवाल्याकडेही जा. मात्र भट्टी कशी आहे हे पाहायला जाऊ नका. बॅरल टाकीतून निघाल्यावर भट्टीत जाईपर्यंत कुठे आणि किती वेळ पडून राहते, ते पाहायला जा.

जस्तवाला

मी स्वतः प्लेटिंगचे छोटे युनिट चालवतो, हे काम मात्र माझ्याकडचे नाही. ताई, एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. आमच्याकडे येणाऱ्या दहा चलनांपैकी नऊ चलनांवर 'जस्त ८ मायक्रॉन, निळे' एवढेच लिहिलेले असते. कडकपणा किती, भाजायचे की नाही, किती वेळात, हे कोणी लिहीत नाही, आणि भाजण्याचे वेगळे पैसेही देत नाही. भट्टी आठ तास चालवण्याचा वीजखर्च आम्हाला दरात बसवता येत नाही. एकदा तुमचे ड्रॉइंग उघडून पाहा, त्यात बेकिंगचा उल्लेख आहे का.

खामनदीकाठी

तुमच्या प्रतिसादानंतर ड्रॉइंग उघडले. त्यात लिहिले आहे: 'जस्त प्लेटिंग, ८ मायक्रॉन किमान, त्रिसंयुजी निळे पासिव्हेशन.' बेकिंगचा एक शब्दही नाही. ड्रॉइंग आमचे आहे आणि त्यावर आमच्याच ग्राहकाची मंजुरी आहे. हे वाचून मला काल झोप लागली नाही.

शिकाऊ_अभियंता

मग पुरवठादाराची चूक कशी?

जुना_भट्टीवाला

चूक कोणाची आणि कारण काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिला बाजूला ठेवा. ड्रॉइंगात बेकिंग नव्हते तरी वर्षभर माल चांगला आला. म्हणजे कोणीतरी न सांगता भाजत होते, आणि मेनंतर त्यात काहीतरी बिघडले.

खामनदीकाठी

सतरा दिवसांनी लिहीत आहे, क्षमस्व. प्लेटिंगवाल्याकडे एक पूर्ण दिवस बसले, म्हणून जे दिसले ते क्रमाने लिहिते.

प्लेटिंगवाला खरोखर भाजत होता. त्याच्या प्रक्रिया-पत्रकावर '२०० अंश, ८ तास' असे लिहिलेले आहे. फक्त प्लेटिंगनंतर किती वेळात भट्टीत घालायचे ते लिहिलेले नाही. एक बॅच पाच बॅरलमध्ये होते, प्रत्येकी १,२०० नग. भट्टी एकच आहे आणि तिच्यात एका वेळी दोन बॅरलचा माल मावतो.

मेपर्यंत आमच्या पुरवठादाराचा माल तिथे सोमवारी पोहोचत असे, त्यामुळे पाचही बॅरल रात्रंदिवस एकामागून एक भट्टीत जात आणि प्लेटिंगही भट्टीच्या गतीने केले जाई. मेच्या शेवटी पुरवठादाराने उष्णतोपचाराचा दिवस बदलला आणि माल गुरुवारी दुपारी पोहोचू लागला. शुक्रवारी तिथे साप्ताहिक सुट्टी असते. माल रविवारी हवा म्हणून गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाचही बॅरल प्लेट करून टाकत, दोन बॅरल भट्टीत घालत आणि उरलेला माल धुऊन, सुकवून, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये झाकून ठेवत. तो शनिवारी सकाळी भट्टीत जाई. मी क्रेटवरची खडूने लिहिलेली वेळ पाहिली: गुरुवार, ७:१०. भट्टीच्या आलेखावर पुढची सुरुवात शनिवार, ७:२०.

म्हणजे छत्तीस तास. कोणीही दुर्लक्ष केले नव्हते. सर्वांनी पत्रकाप्रमाणेच काम केले होते.

मग काकांची कसोटी लावली. आमच्या उत्पादन विभागाचे म्हणणे होते की २०० नग बसवून पाहावेत. मी हिशेब केला: वाईट बॅचमध्येही तुटण्याचे प्रमाण ६,००० ला २३, म्हणजे २०० नगांत सरासरी एकही भरत नाही, आणि एकही न तुटण्याची शक्यता जवळजवळ निम्मी राहते. म्हणून दोन पूर्ण बॅरल घेतले. पिनेपेक्षा किंचित जाड रॉड कापून त्यांवर क्लिपा ओळीने चढवल्या आणि ४८ तास ठेवल्या. पहिले बॅरल तासाभरात भाजलेले होते: १,२०० पैकी एकही तुटली नाही. दुसरे मुद्दाम ३६ तासांनी भाजलेले: १४ तुटल्या, पहिली पाचव्या तासाला, शेवटची एकतिसाव्या तासाला. प्रयोगशाळेच्या अहवालातही तडा कणांच्या सीमांवरून गेल्याचे आले आहे.

तपासणीत दोष का सापडला नाही, याचे उत्तरही त्यातच आहे. पुरवठादार रविवारी माल मोजून, माप घेऊन, जाडी पाहून लगेच गाडीत भरतो. ताणाखाली ठेवून पाहण्याची कोणतीच चाचणी कोणाच्याच पत्रकात नव्हती, आमच्याही नाही.

जुना_भट्टीवाला

काम उत्तम झाले. तिसऱ्या बॅचमध्ये आकडा दुप्पट कसा, हे मात्र तुम्ही लिहिले नाही.

खामनदीकाठी

त्याचे उत्तर अर्धेच मिळाले. त्या गुरुवारी टाकीत जाण्याआधी माल गंजलेला होता म्हणून आम्लात जास्त वेळ ठेवला, असे तिथला मुलगा म्हणाला, पण त्याची कुठेही नोंद नाही. त्यामुळे अहवालात ते 'शक्यता' म्हणूनच राहिले आहे.

खरेदी_शेंद्रा

भांडारात जो जुना माल शिल्लक आहे तो पुन्हा भाजून वापरता येईल का? एवढा माल फेकणे परवडत नाही, असे तुमचे लोक म्हणतीलच.

खामनदीकाठी

म्हणालेच. काकांनी वर लिहिले होते की पडलेले तडे सांधत नाहीत, तेच सांगून मी ते १,४०० नग लाल क्रेटमध्ये टाकले. जे नग गाड्यांवर बसून महिना झाला, त्यांबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. उत्पादनवाले म्हणतात की तुटायच्या असत्या तर पहिल्या दोन दिवसांतच तुटल्या असत्या.

जुना_भट्टीवाला

बहुतेक तुटायच्या त्या तुटून गेल्या असतील. पण 'बहुतेक' या शब्दावर फूटरेस्टची क्लिप सोडायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या ग्राहकाचा आहे. त्यांना लेखी कळवा. ही गोष्ट आपल्यातच ठेवू नका.

जस्तवाला

आणि पैसे? डेबिट नोट काढली का?

खामनदीकाठी

काढली होती, तूर्त थांबवली आहे. ड्रॉइंगात आता बेकिंग, ४ तासांची मर्यादा आणि दर बॅचला ताणचाचणी लिहून ग्राहकाकडे मंजुरीला पाठवले आहे. मंजुरी येईपर्यंत हीच अट खरेदी आदेशावर टाकली. प्लेटिंगवाल्याने नगामागे भाजण्याचे वेगळे पैसे मागितले आहेत, पुरवठादार म्हणतो ते आम्ही द्यावेत, आमचे खरेदीप्रमुख म्हणतात पुरवठादाराने द्यावेत. गुरुवारी आलेला माल रविवारीच प्लेट करायचा, हे मात्र ठरले.

खामनदीकाठी

नवी बॅच काल आली. ताणचाचणीला लावलेल्या क्लिपांपैकी २४ तासांत एकही तुटलेली नाही. सोबत वेळांची नोंदही आहे. पाचही बॅरल टाकीतून निघाल्यावर बरोबर ४५ मिनिटांनी भट्टीत गेल्याचे त्यात लिहिले आहे, आणि पाचही ओळी एकाच पेनाने, एकाच अक्षरात आहेत.

जस्तवाला

भट्टीत दोनच बॅरल मावतात म्हणता, आणि एक फेरी आठ तासांची. मग पाचही बॅरल ४५ मिनिटांनी जायला प्लेटिंगही आठ-आठ तासांच्या अंतराने केलेले असायला हवे. टाकीतून काढल्याच्या वेळा तशा आहेत का, ते पाहा.

खामनदीकाठी

नाहीत. पाचही बॅरल सकाळी ९ ते दुपारी १ च्या दरम्यान निघालेले दाखवले आहेत.

जुना_भट्टीवाला

भट्टीचा मूळ आलेख मागवा. नोंदवहीची प्रत नको, कागदाची गुंडाळी. आणि ताणचाचणी ४८ तास पूर्ण होईपर्यंत माल लाइनला देऊ नका.